ई-कचरा संकलनाची घोषवाक्ये: आधी वस्तू, मग कारण

प्रश्न: आमच्या पेठेतली तालीम आणि बचत गटाच्या महिला मिळून दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी ई-कचरा गोळा करणार आहोत. काय आणायचं आणि का आणायचं, हे लोकांना कळेल अशी घोषवाक्यं कशी लिहावीत? आम्हाला आतापर्यंत ‘ई-कचरा हटवा, पर्यावरण वाचवा’ एवढंच सुचलं आहे.

उत्तर:

या घोषवाक्यात क्रियापदे दोन आहेत आणि वस्तू एकही नाही, हीच त्याची अडचण आहे. ‘ई-कचरा’ हा शब्द कार्यालयात आणि शाळेच्या फळ्यावर रुळला असला, तरी घरातली माणसे आपल्या वस्तूंना त्या नावाने ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी तो ‘बंद पडलेला मोबाईल’ असतो, ‘माळ्यावरचा जुना टीव्ही’ असतो, ‘ती चार्जरची पिशवी’ असते. कोल्हापुरातल्या निरनिराळ्या पेठांत मी अशा संकलनाच्या टेबलावर अनेक वर्षे बसलो आहे आणि घोषवाक्यात ज्या वस्तूचे नाव घ्याल तीच टेबलावर येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आमच्या पहिल्या मोहिमेचा फलक तुमच्यासारखाच होता. त्या दिवशी थर्मोकोल, काचेच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधे आणि मुलांची मोडकी प्लास्टिकची खेळणी आली, कारण लोकांनी ‘कचरा’ हा शब्द वाचला आणि त्याच्या आधीचे ‘ई’ सोडून दिले. मोबाईल मात्र जवळपास कोणीच आणला नाही, कारण घरात जपून ठेवलेला मोबाईल कोणाला कचरा वाटत नाही.

म्हणून पहिले घोषवाक्य ओळख पटवणारे असावे. कायद्याच्या यादीत शंभराहून अधिक प्रकारची उपकरणे आहेत आणि ती यादी फलकावर मावत नाही. घरच्या माणसाला पुरेल अशी खूण मात्र सोपी आहे: जे प्लगवर किंवा सेलवर चालत होते, ते आणायचे. कचरा नेणाऱ्या टिपरच्या भोंग्यावर बोलण्यासाठी आम्ही ते आपल्या बोलीत असे केले होते:

*पिन हाय? सेल हाय? बंद पडलंय? मग आणा की!*

यात नऊच शब्द आहेत, त्यांत तीन छोटे प्रश्न आहेत आणि ऐकणारा मनातल्या मनात घरातल्या वस्तूंवर नजर फिरवू लागतो. टिपर एका दारासमोर फार वेळ थांबत नाही. तेवढ्या वेळात वाक्य दोनदा वाजून पुरे झाले पाहिजे, त्यामुळे भोंग्यासाठी लिहिलेले वाक्य मोठ्याने म्हणून पाहा आणि म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागला तर ते तोडा.

यापुढच्या घोषवाक्यांसाठी मी एक नियम पाळतो. एका घोषवाक्यात एक वस्तू, ती कोणत्या स्थितीत आणायची ते, आणि एकच कारण. क्रमही हाच ठेवावा, कारण दुचाकीवरून जाणारा माणूस फलकाचा पहिला अर्धा भागच वाचतो. त्याला ‘काय’ कळले तर तो वस्तू आणतो, आणि ‘का’ तो टेबलावर विचारू शकतो. उलट कारण आधी लिहिले तर तो फक्त चिंता घेऊन घरी जातो. तुमच्या पेठेतून खरोखर काय निघेल याचा विचार केला, तर मोबाईल, पाठीमागे फुगीर असलेला जुना टीव्ही, ट्यूब आणि बॅटऱ्या एवढ्यांची वाक्ये नीट जमली तरी मोहिमेचा मोठा भाग सांभाळला जातो.

टीव्हीपासून सुरुवात करतो, कारण शब्द चुकल्याने सर्वांत जास्त नुकसान तिथे झालेले मी पाहिले आहे. एका मोहिमेत आम्ही ‘जुना टीव्ही आणा’ एवढेच लिहिले होते. सकाळी एक गृहस्थ हातगाडीवर टीव्ही घेऊन आले. मागचे काळे झाकण नव्हते. काचेच्या नळीची निमुळती मान जिथे सुरू होते तिथे तांब्याच्या तारेची जाड कॉइल बसवलेली असते. ती कोणीतरी आधीच काढून घेतली होती आणि ती ओढताना मान मोडली होती. आतल्या बाजूला पडद्यावर जो पांढरट थर असतो त्याची भुकटी सुटून लाकडी खोक्याच्या तळाशी पडली होती. गृहस्थ अगदी सरळ मनाने म्हणाले, “तांबं भंगारात दिलं, बाकीचं तुमच्याकडं आणलंय.” आमच्या फलकाप्रमाणे त्यांचे काहीच चुकले नव्हते.

त्या नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिशाचा ऑक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. वजनाने सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक. नळीच्या आत निर्माण होणारे क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. काच अखंड आहे तोवर ते शिसे काचेतच बांधलेले राहते आणि घरातल्या माणसांना त्यापासून काही होत नाही. काच फुटून तिचा चुरा उघड्यावर, कचऱ्याच्या ओल्या आम्लयुक्त पाण्यात पडून राहिला की शिसे हळूहळू पाझरू लागते. शिवाय नळीच्या आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे ती फोडताना काच आत खेचली जाऊन तुकडे जोराने उडतात. यात व्यवहाराचीही एक बाजू आहे. तांबे काढून घेतलेल्या टीव्हीत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला मिळकत उरत नाही, नुसती काच हाताळण्याचा खर्च उरतो, आणि तो ती घ्यायला नाखूश असतो. त्या दिवशीचा तो टीव्ही आमच्याकडे बरेच दिवस पडून होता. त्यानंतर आम्ही वाक्य असे केले:

*फुगीर टीव्ही अख्खा आणा. तांब्यासाठी उघडू नका, काचेत शिसं आहे.*

‘अख्खा’ या एका शब्दाने बाकीचे काम होते. लोक आधीच विचारू लागतात की झाकण निघालेले चालेल का, आणि तो प्रश्न घरातून निघण्याआधी फोनवर आला की आपले काम वाचते. ‘टीव्हीमुळे कॅन्सर’ अशा धर्तीची वाक्ये काही ठिकाणी लिहिलेली दिसतात. ती लिहू नका. अखंड टीव्ही घरात ठेवल्याने असे काही होत नाही, आणि घाबरलेला माणूस तो टीव्ही रविवारची वाट न पाहता शनिवारी रात्रीच कोंडाळ्यात टाकून मोकळा होतो.

मोबाईलचे दुखणे वेगळे आहे. तो छोटा असतो, जागा अडवत नाही आणि त्यात माणसाचे खासगी आयुष्य असते. एकदा एक बाई स्टीलच्या डब्यात चार फोन घेऊन आल्या आणि डबा टेबलावर ठेवला तरी त्यावरचा हात काढेनात. “यातले फोटो कुठं जातात?” एवढेच त्यांनी विचारले. मोबाईल न येण्याचे खरे कारण मला त्या दिवशी कळले. पर्यावरणाविषयी आस्था कमी असते असे नाही, फोटो आणि बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती पडतील ही भीती असते आणि ती रास्त आहे. म्हणून मोबाईलच्या घोषवाक्यात कारणापेक्षा कृतीला जास्त जागा द्यावी:

*ड्रॉवरमधला बंद मोबाईल आणा. सिम काढा, मेमरी कार्ड काढा, फोन तसाच द्या.*

चालू होणारा फोन असेल तर हवे ते फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट करायला सांगा. ही सूचना फलकावर न घालता व्हॉट्सॲपच्या निरोपात घाला, कारण ती सावकाश वाचायची गोष्ट आहे. जो फोन सुरूच होत नाही त्याचे काय, हा प्रश्न हमखास येईल. तो खिळा ठोकून किंवा हातोडीने फोडून ‘सुरक्षित’ करण्याचा सल्ला कृपा करून देऊ नका, कारण आतल्या लिथियम बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते. असे फोन टेबलावर लोकांच्या देखत कुलूपबंद पेटीत टाकावेत, आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे. ते मिळणार असेल तरच फलकावर ‘माहिती नष्ट केली जाईल’ असे लिहावे.

मोबाईलसाठी ‘का’ सांगायचे असेल तर कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरजही पडत नाही. गुजरीत सराफाच्या दुकानाची झाडलेली धूळ कोणी टाकून देत नाही. झारेकरी ती धुऊन त्यातला सोन्याचांदीचा कण वेगळा काढतात. इकडे हुपरीत चांदीच्या कामाच्या कचऱ्याचेही तेच. मोबाईलच्या पट्टीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, जोडण्यांना सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि टनभर जुन्या मोबाईलमध्ये खाणीतल्या टनभर खडकापेक्षा कितीतरी पटींनी अधिक सोने असते. त्यावरून आम्ही लिहिले होते:

*गुजरीत धूळही धुऊन घेतात. बंद मोबाईल कचऱ्यात कशाला?*

हे वाक्य लोकांना फार आवडले, पण त्याची मर्यादाही सांगतो. एका फोनमधले सोने ग्रॅमच्या काही शतांशांइतकेच असते. ते हजारो फोन एकत्र करून, योग्य भट्टीत आणि रासायनिक प्रक्रियेनेच परवडते. घोषवाक्यात ‘सोने’ हा शब्द थेट आला की कोणीतरी घरी ॲसिडमध्ये पट्टी बुडवून पाहतो, आणि त्यातून निघणारा तपकिरी वायू फुफ्फुसांना फार घातक असतो. त्यामुळे ‘तुमच्या फोनमध्ये सोनं आहे’ असे न लिहिता मी धुळीची उपमा ठेवली. मोबदल्याची आशाही दाखवू नये. भंगारवाला पैसे देतो आणि आपण फक्त पोचपावती देतो, हे फलकावर स्पष्ट लिहिलेले बरे, नाहीतर टेबलावर वाद होतात.

भंगारवाल्याचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. त्याला खलनायक करणारे घोषवाक्य लिहू नका. शहरातल्या जुन्या वस्तूंचा मोठा हिस्सा तोच उचलतो आणि तुमच्या मोहिमेतही तो वस्तू आणून देऊ शकतो. आपला आक्षेप तांब्यासाठी वायर जाळण्याला आहे. वायरीवरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते, त्यात क्लोरीन असते, आणि ते उघड्यावर, कमी उष्णतेत जळले की धुरात डायऑक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात. हे सगळे एका ओळीत बसवायचे होते तेव्हा आमच्या गटातल्या एका आजींनी सहज म्हटलेले वाक्य आम्ही जसेच्या तसे घेतले:

*वायर जाळली तर तांबं एकाला, धूर साऱ्या गल्लीला.*

माझ्या अनुभवात यापेक्षा चांगले ‘का’ मी लिहिलेले नाही. यमक इथे अर्थासाठी आले आहे. ‘हटवा-वाचवा’, ‘करू या-धरू या’ अशी यमके हातासरशी सापडतात, पण वस्तू ढकलून स्वतः जागा घेतात. यमक आणि वस्तूचे नाव यांतले एकच ठेवता येत असेल, तर नाव ठेवावे. वायरीच्या या वाक्याखाली मात्र लहान अक्षरांत ‘वायर गुंडाळून आणा’ हे जोडायला विसरू नका, कारण नुसत्या त्या ओळीत आणण्याची सूचना नाही.

ट्यूब आणि सीएफएल यांच्याबाबत स्थिती महत्त्वाची आहे. प्रत्येक दिव्यात काही मिलिग्रॅमच पारा असतो, पण दिवा फुटला की त्याची वाफ हवेत मिसळते. ‘ट्यूब आणा’ एवढेच लिहिले तर मुले चार ट्यूब हातात धरून पळत येतात आणि टेबलाजवळ एखादी फुटते. म्हणून:

*ट्यूब खोक्यात घालून आणा. आत पारा आहे, फुटू देऊ नका.*

खोके नसेल तर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने बांधलेली चालते. फुटलीच, तर माणसे बाजूला करून जागा मोकळ्या हवेची करावी, तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि झाडू फिरवू नये. साध्या तारेच्या, पिवळ्या उजेडाच्या बल्बमध्ये पारा नसतो आणि ते या मोहिमेत घेतले जात नाहीत. लोकांना हा फरक ठाऊक नसतो, म्हणून टेबलावर एकेक नमुना ठेवा.

बॅटरीचे घोषवाक्य हे खरे म्हणजे सुरक्षेची सूचना आहे, आणि त्यात मी कारण जवळपास लिहीतच नाही:

*फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. वेगळ्या डब्यात आणा.*

बॅटरी फोनमध्येच फुगली असेल तर ती उपसून काढण्याचा प्रयत्न न करता फोन तसाच आणायला सांगा. टेबलाखाली कोरड्या वाळूने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा ठेवून अशा बॅटऱ्या त्यात ठेवाव्यात, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे त्या एकमेकींना टेकून शॉर्ट होणार नाहीत. इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी मात्र आणू नका असे ठळक लिहा. त्यात गंधकाम्ल असते, ती आडवी झाली तर सांडते, आणि नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतोच. बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत, त्यामुळे पुनर्प्रक्रिया करणाऱ्याशी बोलताना या मालाबद्दल स्वतंत्रपणे विचारावे.

तेच बोलणे घोषवाक्ये छापण्याआधी झाले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असावी लागते. ती तपासून, तो कोणता माल घेणार आणि कोणता नाही याची यादी लेखी घ्या आणि मगच फलक रंगवा. एका मोहिमेत आम्ही उलट केले, ट्यूबचे फलक लावून बसलो आणि आदल्या दिवशी समजले की येणारी गाडी ट्यूब घेणार नाही. रविवारी ट्यूब घेऊन आलेल्या माणसांना परत पाठवावे लागले, आणि त्यांतले पुढच्या वेळी फारसे कोणी फिरकले नाहीत.

फलकांसाठी फ्लेक्स टाळा. तोही पीव्हीसीचाच असतो, आणि वायर जाळू नका असे सांगणारी ओळ त्याच्यावर शोभत नाही. कापडी फलक आणि चौकातला मंडळाचा फळा पुरेसा आहे. फळ्याचा आणखी एक उपयोग म्हणजे रोज एक वस्तू लिहिता येते: सोमवारी टीव्ही, मंगळवारी मोबाईल, बुधवारी ट्यूब. दिवाळीची साफसफाई सुरू असताना माळा उतरवणारा माणूस जाता-येता वाचतो आणि त्याच दिवशी ती वस्तू बाजूला काढतो. तुमच्या पेठेचा काही भाग पुराच्या पातळीत येत असेल, तर तिथे आणखी एक ओळ उपयोगी पडते. २०१९ च्या महापुरानंतर रस्त्याकडेला भिजलेले टीव्ही आणि फ्रिज पडलेले ज्यांनी पाहिले त्यांना ती लगेच पटते:

*बंद वस्तू तळघरात नको. पुढच्या पुराआधी आमच्याकडे आणा.*

घोषवाक्य चांगले झाले आहे की नाही हे गटातल्या माणसांना विचारू नका, त्यांना विषय आधीच माहीत असतो. फलक कच्च्या कागदावर लिहून पेठेतल्या पाच-सहा अनोळखी माणसांना दाखवा, एक दूधवाले, एक शाळकरी मुलगी, एक आजोबा असे. कागद बाजूला ठेवा आणि विचारा, “रविवारी तुम्ही काय आणाल?” उत्तरात वस्तूचे नाव आले आणि ‘अख्खा’ किंवा ‘खोक्यात’ यांसारखा शब्द आला, तर वाक्य काम करते. “पर्यावरणाचं काहीतरी आहे” असे उत्तर आले, तर ते पुन्हा लिहा. तुमचे मूळ घोषवाक्य मी याच पद्धतीने एकदा विचारून पाहिले होते आणि मला “झाडं लावायची आहेत का?” असे उत्तर मिळाले होते.

मोहिमेच्या दिवशी टेबलावर दोन वह्या ठेवा. एकीत घेतलेल्या वस्तू, दुसरीत परत पाठवलेल्या वस्तू आणि त्या आणणाऱ्याने काय वाचले होते ते. दुसरी वही जास्त मोलाची आहे. तिच्यात थर्मोकोल पुन्हा पुन्हा आला असेल, तर पुढच्या फलकावर ‘थर्मोकोल नको’ ही ओळ हवी. तांबे काढलेले टीव्ही आले असतील, तर ‘अख्खा’ हा शब्द मोठा रंगवायला हवा. गाडी गेल्यावर वजनाची पावती आणि माल कोणी नेला हे सोमवारी सकाळी त्याच फळ्यावर लिहा. डबा घेऊन आलेल्या त्या बाई दुसऱ्या दिवशी आमचा फळा वाचत उभ्या होत्या, आणि पुढच्या मोहिमेला त्यांनी शेजारच्या तीन घरांतले फोन आणले.